"एकदा जाऊच आपण": तारीख न देणाऱ्या जोडीदारांचे अनुभव

काल कपाट आवरताना 2016 चं वर्तमानपत्राचं कात्रण सापडलं. नॅशनल पार्कात कारवी फुललीय, जांभळा डोंगर, असा फोटो. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात "रविवारी?" लिहिलंय.

आम्ही राहतो बोरिवलीत. पार्काचं गेट घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. यांनी तेव्हा खूप रंगवून सांगितलं होतं की पहाटे उठू, कान्हेरीकडून वर जाऊ, डबा नेऊ. तो रविवार पाहुण्यांचा निघाला, पुढचा मुलीच्या परीक्षेचा, आणि मग फुलं संपली. "अगं, आठ वर्षांनी परत येतेच की, तेव्हा नक्की." आली हो 2024 ला! सप्टेंबरभर दर शनिवारी रात्री "उद्या बघू" झालं आणि दर रविवारी दहाला उठणं झालं. आता 2032.

माणूस वाईट नाही, भांडणही नाही. हंपी, अंदमान, काझीरंगा सगळं तोंडपाठ आहे त्यांना, कुठल्या हॉटेलात खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची इथपर्यंत. फक्त तारीख विचारली की उठून पाणी प्यायला जातात. तुमच्याकडे आहे का असं कुणी? लिहा.
— शेवंती

खारीबिस्किट: पाणी प्यायला 😂😂 आमच्याकडे बाथरूम. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

निम्मा_पुणेकर: कारवी बारा वर्षांनी फुलते ना? आठ कुठून आलं?

घाटमाथा: बारा वर्षांची ती नीलकुरिंजी, मुन्नारकडची. 2018 ला फुलली, आता 2030. आपली कारवी सात-आठ वर्षांनी. पण शेवंतीताई, सगळीकडे एकाच साली येत नाही ती. पार्काची 2032 असली तरी सह्याद्रीत दुसरीकडे आधी कुठेतरी मिळेल. तेवढ्यासाठी 2032 पर्यंत थांबू नका.

शेवंती: हे यांना सांगू नका, आणखी एक "कधीतरी" मिळेल.

मुक्काम_पोस्ट: माझा पासपोर्ट गेल्या महिन्यात संपला. दहा वर्षं. एकही शिक्का नाही. लग्नाच्या वर्षी काढला होता, "हाताशी असलेला बरा" म्हणून. नवीन काढायला गेले तर समोरच्या बाईंनी पानं चाळली आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत, पण बघितलं.

आबा_डोंबिवली: माझा पार्टनरही असाच. राजकोटला जाऊन मशीन बघून येऊ, तीन वर्षं चाललंय. अर्धे पैसे माझे अडकलेत. काय करावं?

खारीबिस्किट: आबा, इथे नवरा-बायकोचं चाललंय 🙏

आबा_डोंबिवली: अरे हो का. सॉरी. पण प्रॉब्लेम तोच आहे.

जुनी_रजा: केंद्र सरकारात 31 वर्षं आस्थापना विभागात होतो, हजारो रजेचे अर्ज पाहिले. बोलणारा आणि जाणारा यांतला फरक एकाच कागदावर कळतो. हॉटेलाची चौकशी, नकाशे, यूट्यूब यातलं काही धरायचं नाही. रजेचा अर्ज टाकला का, एवढंच विचारायचं. कारण हॉटेलची चौकशी कुणालाही उत्तरदायी नसते, रजा मागायला मात्र साहेबासमोर तारीख बोलावी लागते. काहींना भीती प्रवासाची नसतेच, त्या दोन मिनिटांची असते.

आमच्याकडे एलटीसी, म्हणजे फिरायला जायचं भाडं सरकार देतं, ती असूनही माणसं ती वाया घालवायची. 2022-25 चा ब्लॉक, वर एक वर्ष सवलत म्हणजे 2026 च्या 31 डिसेंबरच्या आत निघायचं. चार वर्षं "यंदा अंदमान" आणि शेवटच्या डिसेंबरात माझ्या टेबलासमोर रांग. निदान तिथे शेवटची तारीख सरकार देतं. घरच्या बेताला ती कुणी देत नाही.

कडकलक्ष्मी: मग उपाय सांगा ना काका.

जुनी_रजा: मोकळा प्रश्न विचारायचा नाही. "कधी जायचं?" म्हटलं की उत्तर "बघू". दोन तारखा ठेवायच्या, 12 की 19 डिसेंबर? नाही ठरलं तर आपण 12 धरून तिकीट काढायचं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 13 ऑक्टोबरला सकाळी 8 ला बसायचं.

निम्मा_पुणेकर: 60 नाही काका, 120 दिवस.

जुनी_रजा: ते नोव्हेंबर 2024 पासून बदललं. आता 60. आणि एका दृष्टीने बरंच झालं. चार महिन्यांनंतरची रजा कुणालाच सांगता येत नाही, दोन महिन्यांची येते. फसलंच तर कन्फर्म थर्ड एसी बरेच दिवस आधी रद्द केलं की माणशी 180 आणि थोडा जीएसटी जातो. दोघांचे चारशेच्या आत. एवढ्यात खरा नकार तरी कळतो.

कडकलक्ष्मी: चारशेत नवरा कळला म्हणजे स्वस्तच 😄

ओली_चप्पल: मी काढली होती अशी तिकिटं. आदल्या आठवड्यात म्हणाला "मला विचारलं होतंस का?" आणि त्याचंही बरोबर होतं. मी एकटी गेले, गोकर्णला. तो स्टेशनवर सोडायला आला, वडापाव घेऊन दिला. तेव्हापासून तो बोलतो आणि मी जाते. हे चांगलं की वाईट मला अजून ठरवता आलेलं नाही.

सव्वीस_पूर्ण: लग्न नाही झालेलं अजून. चार वर्षं झाली. लडाख "कधीतरी", घरी सांगणंही "कधीतरी". परवा त्याच्या ग्रुपवर हरिश्चंद्रगडाचं निघालं, त्याने दोन मिनिटांत तारीख टाकली, गाडी ठरवली, पैसेही भरले. म्हणजे जमतं त्याला. तेव्हापासून मला झोप नाही.

खारीबिस्किट: अगं 🫂 लडाखचं सोड, घरचं विचार. काकांसारखं, दोन तारखा ठेवून.

सव्वीस_पूर्ण: तिथे चारशेत भागणार नाही ना पण.

वरचा_मजला: मी धाग्यातला नवराच आहे, म्हणून लिहितो. आई सहा वर्षं अंथरुणाला होती. बायको केरळ म्हणायची, मी "जाऊ ना" म्हणायचो. नाही म्हटलं असतं तर कारण बोलावं लागलं असतं, आणि ते आई ऐकेल अशा घरात बोलता येत नाही. दोन खोल्या आमच्या. आई गेली त्याला दीड वर्ष झालं. आता तारीख देता येते, पण बायको विचारायची थांबलीय. मीही काढत नाही विषय.

मुक्काम_पोस्ट: दादा, काढा हो.

वरचा_मजला: बघतो.

कडकलक्ष्मी: "बघतो"!! 🤦‍♀️

घाटमाथा: विषयांतर करतो, पण कारवी फुलली नाही तरी तिचा उपयोग असतो. आमच्या आजोळी गोठ्याचा कूड कारवीच्या काठ्यांचाच होता, वरून शेणमातीचं लिंपण. अजून उभा आहे.

शेवंती: सगळ्यांचं वाचतेय. हंपीसाठी होस्पेटची दोन तिकिटं काढायची, 12 डिसेंबर. काकांचं ऐकून रात्री यांना विचारलं, रजेचा अर्ज टाकता का?

जुनी_रजा: काय म्हणाले?

शेवंती: पाणी प्यायला गेले. पण येताना माझ्यासाठीही आणलं. आणि "12 ला वार कोणता" असं विचारलं.

खारीबिस्किट: आईशप्पथ!! वार विचारला!

ओली_चप्पल: 13 ऑक्टोबरला आठ वाजता बसा ताई, त्यांच्या भरवशावर राहू नका.

आबा_डोंबिवली: राजकोटला थेट गाडी आहे का बोरिवलीहून?

शेवंती: आहेत आबा, सौराष्ट्र मेल थांबते इथे. 60 दिवस आधी बघा.

निम्मा_पुणेकर: कारवीचा मध खरा कुठे मिळेल? ते 2024 ला सगळे विकत होते, एकाचाही रंग सारखा नव्हता.