मदत हवी आहे: चायनीज रिंग्जच्या कोड्यात एकच कडी उरलीय आणि ती निघतच नाही

मेघना_ठाणे:
भाचीला कोणीतरी पाच कड्यांचं लोखंडी कोडं दिलंय. लांबट तारेचा दांडा, एका बाजूला मूठ, दांड्यावर पाच कड्या आणि प्रत्येक कडीची तार शेजारच्या कडीतून गेलेली. टोकाकडच्या चार कड्या आम्ही काढल्या, आता फक्त मुठीकडची पाचवी उरलीय, पण ती टोकापर्यंत येतच नाही. जोर लावला तर तार वाकेल अशी भीती वाटते. एकच तर राहिलीय, ती कशी काढायची?

सदूभाऊ:
त्यातल्या एका कडीला बारीक फट असते, ती बोटाखाली लपवलेली असते. नीट चाचपून बघा.

मेघना_ठाणे:
सदूभाऊ, तुम्ही म्हणताय त्या जादूगाराच्या कड्या, ते वेगळं. ह्यात फट कुठेच नाही.

हनोईप्रेमी:
हे टॉवर ऑफ हनोईच आहे दुसऱ्या रूपात. पाच चकत्यांना ३१ चाली लागतात तशा इथेही पाच कड्यांना ३१. तुमच्या चार निघाल्यात म्हणजे शेवट जवळ आलाय, चालू ठेवा.

कडीकुलूप:
हनोईशी नातं खरं आहे, पण शेवट जवळ आलाय हे उलट आहे. मेघनाताई, फक्त पाचवी कडी अडकलेली असणं ही ह्या कोड्यातली सगळ्यात लांबची जागा आहे. इथून ३१ चाली लागतात. सगळ्या पाच कड्या चढलेल्या असताना २१च लागल्या असत्या.

नियम दोनच. टोकाची पहिली कडी कधीही काढता-घालता येते. बाकी कुठलीही कडी हलवायची तर तिच्या लगेच आधीची चढलेली हवी आणि त्याआधीच्या सगळ्या उतरलेल्या हव्यात. म्हणून पाचवी काढायला चौथी परत चढवावीच लागते आणि चौथीसाठी तिसरी. जोर लावून काही होणार नाही, तार मात्र वाकेल आणि मग बरोबर चालीलाही कडी अडकेल.

ह्यामुळे कुठल्याही क्षणी जास्तीत जास्त दोनच चाली शक्य असतात आणि त्यातली एक तुम्ही आत्ता जिथून आलात तिथेच परत नेते. म्हणजे ३२च्या ३२ स्थिती एका सरळ ओळीत उभ्या आहेत, एका टोकाला सगळ्या उतरलेल्या आणि दुसऱ्या टोकाला तुमची ही. दिशा ओळखायची खूण सोपी आहे: चढलेल्या कड्या मोजा. विषम असतील तर पहिली कडी हलवा, सम असतील तर चढलेल्यांत टोकाच्या सगळ्यात जवळची जी असेल तिच्या मुठीकडची लगतची.

आत्ता एक चढलेली, विषम, म्हणून पहिली घाला. दोन झाल्या, दुसरी घाला. तीन, पहिली काढा. दोन, तिसरी घाला. असंच पुढे नेलंत की दहाव्या चालीला पाचही कड्या चढलेल्या दिसतील, तिथे घाबरून उलटं फिरू नका, सोळाव्या चालीला पाचवी निघते.

हनोईप्रेमी:
बरं, पण २१ आले कुठून? २ चे घात वगैरे दिसत नाहीत त्यात.

कडीकुलूप:
मुठीकडून सुरू करा, चढलेलीला १, उतरलेलीला ०. सगळ्या चढलेल्या म्हणजे १११११. आता दुसरी ओळ लिहा: पहिला अंक तसाच, मग वरच्या ओळीत १ आला की खालचा अंक उलटवायचा, ० आला की आधीचाच ठेवायचा. मिळतं १०१०१, बायनरीत २१. तुमच्या १०००० चं होतं १११११, म्हणजे ३१. तो आकडा म्हणजेच शेवटापासूनचं अंतर. हे लुई ग्रोस ह्या फ्रेंच माणसाने १८७२ मध्ये लिओंमध्ये छापलं होतं, बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रेला ह्याच कोडचं पेटंट मिळालं ते १९५३ मध्ये.

फिटर_चाकण:
आमच्या मशीनच्या एन्कोडरच्या चकतीवर हाच ग्रे कोड असतो! एका घरातून दुसऱ्यात जाताना एकच बिट बदलतो, म्हणून मधोमध थांबलं तरी वाचन फार तर एका घराने चुकतं. माझ्या एकाचं मात्र वाचन मध्येच भलतीकडे उडतंय, एकच बिट मेला असेल तर असं होईल का?

कडीकुलूप:
होऊ शकतं, वरचा बिट असेल तर उडी मोठीच दिसेल. वायर आधी तपासा, बाकी त्याचा वेगळा धागा काढा.

मेघना_ठाणे:
निघाली!! दहाव्या चालीला सगळ्या परत चढल्या तेव्हा भाची रडकुंडीला आली होती. एक शंका राहिलीय, डब्यावरच्या कागदात पाच कड्यांना १६ चाली लिहिल्यात, २१ नाही.

कडीकुलूप:
पहिल्या दोन कड्या एकदमच सरकवल्या आणि ती एक चाल धरली तर १६च होतात. नऊ कड्यांचंही तसंच, ३४१ किंवा २५६. तुमच्या कोड्यात त्या दोन एकत्र दांड्याच्या फटीतून जातात का ते बघून सांगा, काहींत फट फार अरुंद असते.