मदत हवी आहे: परफ्यूम ओरिजिनल की डुप्लिकेट? फोटोवरून ठरवायचंय

मीनल_के: विकणाऱ्याने चार फोटो पाठवलेत. संध्याकाळपर्यंत कळवलं नाही तर दुसऱ्याला देणार म्हणे. खोका आणि बाटली, दोन्हींवर 38R401 हाच कोड आहे. साइटवर टाकला तर तारीखही आली. म्हणजे ओरिजिनलच ना?

बंड्या७: कोणतं परफ्यूम? सील आहे की फुटलंय?

मीनल_के: १०० मिली. एका फोटोत सेलोफेन आहे, बाकी तीन उघडून काढलेत.

बंड्या७: अहो, नाव विचारलं मी!

सुगंधी_काका: नाव राहू दे. ती साइट कोडवरून फक्त तारीख काढते, बाटली खरी की खोटी ते तिला काय कळणार? एका खऱ्या खोक्यावरचा कोड उचलून हवा तितक्या बाटल्यांवर टाकता येतो. कोड जुळला म्हणून काही सिद्ध होत नाही. जुळला नाही तर मात्र सावध. बुडाचा फोटो मोठा करून बघ, कोड कोरलाय, शाईचा आहे की स्टिकरवर?

राजस: शाईचा असेल तर डुप्लिकेटच. आणि स्प्रेखालची कॉलर हातानं फिरली तरी डुप्लिकेट.

सुगंधी_काका: राजस, दोन्ही अर्धवट. कित्येक कंपन्या शाईनेच छापतात, आणि वरची शोभेची कॉलर काही खऱ्या बाटल्यांचीही फिरते. बघायचं ते तिच्या खालचं धातूचं बूच. ते काचेच्या मानेवर सगळीकडून सारखं दाबलेलं हवं. एका बाजूला फट, दुसरीकडे सुरकुती असेल तर खटकतं. रीफिलच्या बाटलीला मात्र आटेच असतात.

शलाका: माझं तर दोन तासांत उडून जातं. मनगटावर मारावं की कपड्यावर?

मीनल_के: शलाका, वेगळा धागा काढ ना! काका, कोड कोरलेला वाटतोय. कॉलर सरळ आहे. काच बुडाशी एका बाजूला जाड दिसते.

सुगंधी_काका: जवळून तिरका फोटो काढला की जाडी फसवते. बाटली खिडकीसमोर सरळ धरून, थोडं लांबून फोटो मागव. तरीही बूड उतरतं दिसलं तर शंका घे. आणि एक सांग, सेलोफेनच्या फोटोत कोड दिसतो का?

मीनल_के: थांबा, झूम करते.

मीनल_के: अंधुक आहे, पण शेवटचे तीन आकडे 700 वाटतायत.

सुगंधी_काका: मग तो खोका वेगळा आहे. सेलोफेन दाखवायला एक आणि विकायला दुसरा.

राजस: सेलोफेनच्या टोकांना पाकिटासारख्या नीट घड्या आहेत का?

सुगंधी_काका: घड्या असल्या तरी तुझ्या बाटलीशी त्यांचा काय संबंध?

मीनल_के: विचारलं त्याला. म्हणतो, "माझ्याकडे दोन होत्या." आता सील असलेलीच मागितलीय, खोक्याच्या बुडाच्या फोटोसकट. अजून उत्तर नाही.