मदत हवी आहे : टॅबवर ॲपचा व्हिडिओ करायचाय, बोट दिसलं पाहिजे आणि आवाज माझा (कॉम्प्युटर नाही)

सुनंदा_वाई

नमस्कार मंडळी. मी १४ बचत गटांचं काम बघते. गटांचे हिशेब आता टॅबवरच्या ॲपमध्ये भरायचे आहेत. प्रत्येक बैठकीत जाऊन शिकवते, पण महिन्याभराने सचिव ताई पुन्हा तिथेच अडकतात.

अडचण नेमकी एका पानावर आहे. समजा, एका ताईंनी गटातून ५,००० रुपये कर्ज घेतलंय, व्याज महिना २ टक्के. या महिन्यात त्या ५०० मुद्दल आणि १०० व्याज भरतात. ॲपमध्ये त्याला दोन वेगळे चौकोन आहेत, एकाखाली एक. बहुतेक जणी वरच्या चौकोनातच ६०० टाकतात. मग मुद्दल जास्त फिटलेलं दिसतं, व्याज थकीत दिसतं आणि पुढच्या बैठकीत वाद.

स्क्रीनचा व्हिडिओ करून पाठवला. त्यात चौकोन आपोआप भरल्यासारखे दिसतात, बोट कुठे लागलं ते कळत नाही. "ताई, तुम्ही दाबलंत कुठे?" असे पाच फोन आले. शिवाय आवाजही आला नाही.

टॅब अँड्रॉइड १३ आहे. घरी कॉम्प्युटर नाही, दुकानातून करून घेण्याचा खर्च दर वेळी परवडणार नाही. बोटाची खूण आणि माझा आवाज, दोन्ही टॅबवरच जमेल का?

दत्ता_फलटण

सोपं आहे. Settings मध्ये About tablet उघडा, Build number वर सात वेळा टॅप करा. Developer options सुरू होतील. त्यात "Show taps" चालू करा. बोट लागेल तिथे ठिपका उमटतो. "Pointer location" पण चालू करा म्हणजे बोट कसं फिरलं त्याची रेघ येते. मी असंच करतो.

प्रभाकरकाका

सुनंदाताई, बैठकीत प्रोजेक्टर लावून टॅबची स्क्रीन भिंतीवर दाखवायची असेल तर त्याला केबल मिळते. आमच्या सोसायटीत आम्ही टीव्हीलाच जोडतो. सगळ्यांना एकदम दिसतं.

सुनंदा_वाई

काका, बैठकीपुरतं ते छान आहे, पण मी नसताना घरी बघता येईल असा व्हिडिओ हवाय.

दत्ताभाऊ, करून पाहिलं. ठिपका आला! पण Pointer location मुळे वर आकड्यांची पट्टी आणि स्क्रीनभर निळ्या रेघा आल्या. त्यात चौकोनच दिसेनात. आणि आता टॅबवरचं बँकेचं ॲप उघडतच नाही, Developer options बंद करा म्हणतंय.

निशिगंध

Pointer location लगेच बंद करा, ते ॲप बनवणाऱ्यांच्या तपासणीसाठी असतं. आणि Developer options चा मुख्य खटका पण बंद करा. काही बँकांची ॲप्स तो चालू असला की चालत नाहीत. तुम्हाला त्याची गरजच नाही. अँड्रॉइड ११ पासून स्क्रीन रेकॉर्डरमध्येच ही सोय आहे.

वरून बोट दोनदा खाली ओढा, "Screen record" शोधा. नसेल तर पेन्सिलच्या चिन्हावर जाऊन ते वर ओढून आणा. त्यावर टॅप केलं की छोटी चौकट येते. तिथे "Record audio" बंद असतं, म्हणून तुमचा आवाज आला नाही. ते चालू करून त्याच्या बाणातून "Microphone" निवडा. खाली "Show touches on screen" आहे, तेही चालू करा. मग Start. काही कंपन्यांच्या टॅबवर शब्द थोडे वेगळे असतात, पण जागा हीच.

आता ठिपक्याबद्दल. तो फिकट पांढरा असतो. पांढऱ्या पानावर, त्यातही फोनवर बघताना, सहज नजरेतून सुटतो. ॲपला गडद थीम असेल तर रेकॉर्डिंगपुरती ती लावा. नसेल तर हळू चाला. चौकोनावर टॅप करायच्या आधी एक सेकंद थांबा, टॅप करा, पुन्हा एक सेकंद थांबा. बोट दाबून मात्र धरू नका, नाहीतर कॉपी-पेस्टचा मेनू उघडतो.

टॅब उभा धरा आणि फिरणं आधीच लॉक करा. तुमच्या ताई हा व्हिडिओ उभ्या फोनवर बघणार. आडव्या टॅबचं चित्र तिथे पट्टीएवढं होतं आणि "मुद्दल" शब्द वाचता येत नाही.

दत्ता_फलटण

बँक ॲपचं लक्षात नव्हतं, माफ करा ताई. पण आवाज रेकॉर्ड करतानाच द्यावा. नंतर जोडायला गेलं की जुळत नाही, माझा सात मिनिटांचा व्हिडिओ शेवटी पार पुढे-मागे झाला होता.

निशिगंध

दत्ताभाऊ, तो दोष नंतर जोडण्याचा नाही, सात मिनिटांचा आहे. हे रेकॉर्डर दर सेकंदाला सारखी चित्रं घेत नाहीत. स्क्रीन स्थिर असली की फार कमी घेतात. एडिटिंगच्या काही ॲप्सना ते झेपत नाही, मग आवाज आणि चित्र हळूहळू सुटत जातं. ओळखायची खूण म्हणजे सुरुवात बरोबर आणि शेवट चुकलेला. एकेका मिनिटाचे तुकडे केले की फरक जाणवण्याइतका साठतच नाही.

आणि बोलत बोलत आकडे टाकताना माणूस अडखळतो, घाईत बोट पुढे जातं. ताईंनी आधी मुकाट्याने स्क्रीन रेकॉर्ड करावी, मग ती बघत बोलावं. इनशॉटमध्ये तुकडा उघडा, संगीताच्या चिन्हात "Record" आहे. बोलणं चित्रापेक्षा लांबलं तर त्या जागी "Freeze" वापरा, चित्र तिथेच थांबतं. दोन चौकोनांचा फरक सांगताना हेच लागेल.

गंधार_पुणे

माझ्याकडे आयपॅड आहे, मी हार्मोनियमच्या ॲपवर शिकवतो. त्यात रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं की माइक चालू होतो, पण बोट दाखवायची सोयच सापडली नाही. शेवटी स्टूलवर पुस्तकं रचून वरून फोनने शूट करतो. स्क्रीनवर ट्यूबलाइट चमकते. कुणाकडे बरा उपाय आहे का?

सुनंदा_वाई

झालं! ५५ सेकंदांचा पहिला तुकडा. खऱ्या सभासदांची नावं दिसू नयेत म्हणून "नमुना गट" काढला आणि त्यात "ताई १", "ताई २" भरल्या. रेकॉर्डिंगच्या आधी Do Not Disturb लावलं, कारण पहिल्या वेळी मध्येच जाऊबाईंचा मेसेज आला होता. शेवटी रेकॉर्डिंग थांबवायला पडदा खाली ओढला तेही चित्रात आलं, ते कापलं.

आवाजासाठी वायरचे इअरफोन लावले. पहिल्यांदा त्याचा माइक पदराला घासून खरखर आली, मग तो हातात धरून बोलले. "वरच्या चौकोनात फक्त ५००" म्हटलं, तिथे चित्र तीन सेकंद थांबवलं. मग ठिपका खालच्या चौकोनावर, "इथे १००".

पण व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर अक्षरं पुसट झाली. आणि एका तुकड्यात मी बोलत असतानाच ताईचं नाव कीबोर्डच्या माइकवरून बोलून टाकलं, तेवढ्या वेळात माझा आवाजच नाही.

निशिगंध

पाठवताना गॅलरीतून न देता पिनच्या चिन्हातून Document म्हणून फाइल द्या. मग ती दाबून लहान केली जात नाही. फाइल मोठी राहील, ताईंना डाउनलोडला वेळ लागेल.

आवाजाचं असं की दोन ॲप्सना एकदम माइक हवा असेल तर अँड्रॉइड सहसा एकालाच आवाज देतं. कीबोर्ड ऐकत होता तेव्हा रेकॉर्डरला शांतताच मिळाली. तो तुकडा मुका ठेवून आवाज नंतरच द्या.

सुनंदा_वाई

Document म्हणून पाठवला, अक्षरं स्वच्छ. तिघींनी बघितला, दोघींनी ५०० आणि १०० बरोबर टाकले. तिसऱ्या ताईंच्या फोनमध्ये जागा नाही, फाइल उतरतच नाही. गॅलरीतून पाठवून अक्षरं वाचता येतील असं काही करता येईल का? चौकोनांची जागा मोठी करून दाखवली तर?

गंधार_पुणे

आणि आयपॅडचं कुणी सांगेल का?