अनुभव धागा : नवी गच्ची पहिल्याच पावसात गळली, ठेकेदाराला पत्र लिहिलंय का कुणी?

पाचगावकर
फेब्रुवारीत गच्चीचा कोबा झाला, जूनमध्ये बेडरूमच्या छताला ओल. तीन वर्षांची लेखी हमी आहे. फोनवर तीन आठवडे “उद्या येतो की दादा” ऐकलं आणि शेवटी पत्र धाडलं. त्यातला भाग :

“12 जूनपासून दक्षिणेकडच्या बेडरूमच्या छतावर कठड्यालगत चारेक फूट ओल आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी थेंब पडतात. तारखेसह फोटो जोडले आहेत. हमीपत्राप्रमाणे मोफत दुरुस्ती आपल्याकडे आहे. 15 दिवसांत स्वतः पाहणी करून कारण लेखी द्यावे व कामाची तारीख कळवावी. वरून नुसता केमिकलचा हात मारून चालणार नाही.”

शेवटचं वाक्य बायकोनं घालायला लावलं. अशा पत्रानं कुणाचा ठेकेदार आला का?

राजारामपुरी
रेरा आहे की! पाच वर्षं जबाबदारी त्याचीच.

साईटवरचा म्हातारा
रेरा बिल्डरकडून घेतलेल्या घराला. स्वतःच्या जागेत ठेकेदाराकडून बांधून घेतलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तेही दोन वर्षांच्या आत.

वहिनींचं वाक्य राहू द्या. कठड्यालगत ओल म्हणजे बहुधा कठडा अन् कोबा यांच्या सांध्यावरचा सिमेंटचा वाटा सुटलाय. पण अंदाजावर फोडू नका. पाणी कोब्याखालून सरकतं, आत एकीकडं शिरतं आणि खाली भलतीकडं दिसतं. गच्चीवर मसाल्याचा बांध घालून दोन भाग करा, पाईपांची तोंडं बंद करा, आधी कठड्यापासून लांबचा भाग दोन इंच भरून तीन दिवस ठेवा. खाली कोरडं राहिलं तरच कठड्याकडचा भरा. ठेकेदारासमोर करा, कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

पाचगावकर
पण इथं पाऊस थांबतोय कुठं?

साईटवरचा म्हातारा
तीच अडचण. आधी छत वाळलं पाहिजे, नाहीतर जुनी ओल कुठली अन् नवी कुठली कळणार नाही. चाचणी पावसाळा संपल्यावरच. पत्र मात्र आत्ताच गेलं हे बरं झालं.

उचगाव
मी पत्राआधीच दुसऱ्या गवंड्याकडून कोबा फोडला. ठेकेदार म्हणाला, “दुसऱ्याचा हात लागला, आता हमी संपली.” फोटोही काढले नव्हते. सगळा खर्च अंगावर.

शिल्पा
आमच्या वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळतंय. त्यांनाही हेच पत्र चालेल का?

मी पण ठेकेदारच
शिव्या आम्हालाच, पण एका मालकांनी सोलरच्या स्टँडसाठी कोब्यात बोल्ट ठोकले आणि गळती माझ्या नावावर. तुमच्याकडं नंतर काही बसवलंय?

पाचगावकर
डिशवाल्यानं चार बोल्ट मारलेत. पण ते उत्तरेच्या कोपऱ्यात, ओल दक्षिणेला.

साईटवरचा म्हातारा
गच्चीचा उतार कुणीकडं आहे?

पाचगावकर
दक्षिणेकडं.