घड्याळ बरोबर, तरी ॲपमधली वेळ चुकीची: तुमचे अनुभव सांगा

मुक्ता: आमच्या ॲपमध्ये काहीच लोकांना नुकताच आलेला निरोप एक तास पुढचा दिसायचा. फोनचं घड्याळ मात्र बरोबर होतं, म्हणून आम्ही आठवडाभर सर्व्हरच तपासत बसलो. हे सगळे मेक्सिकोतले, जुने फोन वापरणारे. तिथे बहुतेक भागात उन्हाळी वेळ 2022 मध्ये बंद झाली, पण अपडेट न झालेल्या फोनांना ते ठाऊक नव्हतं. एप्रिल 2023 मध्ये ते आपोआप तासभर पुढे गेले. लोकांनी स्वयंचलित वेळ बंद करून काटे हाताने मागे घेतले. असं काही तुमच्याकडे झालंय का?

जुनाखांब: हाताने मागे घेतले तिथेच गोम आहे. खऱ्या 10 वाजता निरोप आला, तेव्हा UTC होता 16:00. फोन स्वतःला UTC-5 समजतो, म्हणून निरोपावर 11:00 दाखवतो. घड्याळात मात्र 10:00. त्याच फोनला UTC विचारला तर तो 15:00 सांगणार. म्हणजे घड्याळ दिसायला बरोबर, आतून तासभर मागे. ओळखायचं कसं? सर्व्हरच्या उत्तरातला `Date` हेडर फोनच्या UTC शी ताडून बघा. फरक नेमका तासाचा आला तर बहुधा हेच झालेलं असतं. सात-आठ मिनिटांचा आला तर घड्याळच सरकलंय. अपडेट मिळतच नसेल तर `America/Costa_Rica` निवडायला सांगा आणि स्वयंचलित वेळ पुन्हा चालू करा. तिथे वर्षभर UTC-6 असतं.

पाऊलवाट: एवढं कशाला? सगळं UTC मध्ये साठवा, प्रश्न मिटला.

रेघोटी: नाही मिटत, मी पोळलेय. आम्ही जन्मतारीखही तशीच साठवली होती. न्यूयॉर्कमधल्या बाईंना 15 जून ऐवजी 14 जून दिसायची.

```
new Date("1990-06-15")
```

ही तारीख UTC मधली मध्यरात्र धरली जाते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आदल्या दिवशीची रात्र असते. जन्मतारखेला वेळ नसतेच, म्हणून आता नुसती तारीख ठेवतो.

पाऊलवाट: हे लक्षात नव्हतं आलं. निरोपांपुरतं तरी माझं म्हणणं टिकतं ना?

जुनाखांब: टिकतं, पण वेळ सर्व्हरने नोंदवली तर. फोनने पाठवलेली वेळ UTC असली तरी मुक्ताच्या लोकांची चुकीचीच साठणार.

सांजवेळ: मला 03/04 चा अर्थ 3 एप्रिल की 4 मार्च तेच कळत नाही. हेही याच कारणाने होतं का?

रेघोटी: नाही हो, तो भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचा भाग आहे. तारीख बरोबर असते, लिहिण्याचा क्रम वेगळा असतो.

मुक्ता: हेडर ताडून पाहिला, फरक 3,600 सेकंदांच्या आसपासच आहे. ॲपमध्ये सूचना टाकतेय. पण ऑफलाइन केलेल्या नोंदींचं काय? त्या वेळी सर्व्हर नसतोच, आणि मधल्या काळात कोणी घड्याळ बदललं तर नंतरचा फरक वापरून दुरुस्त करणं मला धोक्याचं वाटतं. कोणी केलंय का?