समग्र वाङ्मयातल्या नाटकाचा संदर्भ: पान द्यायचं की अंक-प्रवेश?

दांडियाबाजार_वाचक
नमस्कार मंडळी. माझा थिसिस गडकरी आणि शेक्सपियर यांच्या शोकांतिकांवर आहे, इथे बडोद्यातच. नाटकं सगळी समग्र वाङ्मयाच्या खंडांतून वाचलीत. आता एक प्रकरण परत आलंय आणि शेरा असा आहे की "लिअर ४.६ उघडून पाहिलं, तुम्ही म्हणता तो प्रसंग तिथे नाहीच." मी ग्लॉस्टर डोव्हरच्या कड्यावरून उडी मारतो त्या प्रसंगाबद्दल लिहिलं होतं. ४.६ हा आकडा इंटरनेटवरच्या लिअरमधून घेतला, आणि संदर्भयादीत घरी आहे ते ऑक्सफर्डचं कम्प्लीट वर्क्स टाकलं. मग आता सगळीकडे पान नंबरच देऊ का? संपादक आणि खंड कुठे लिहायचे? संदर्भ द्यायची पद्धत एमएलए आहे.

मांजलपूर७२
पानच दे. मी आधीपासून हेच सांगत आलोय. अंक-प्रवेश-ओळ हे इंग्रजी डिपार्टमेंटचं, त्यांच्या पुस्तकात समासात ओळींचे आकडे छापलेले असतात म्हणून. आपल्या मराठी नाटकांत कुठे आहेत ते? वाचणाऱ्याला पुस्तक कोणतं, खंड कोणता, पान कोणतं एवढं कळलं की तो हात घालून पान उघडतो, संपलं. तुझी चूकच मुळी आकडा एका पुस्तकातला आणि नाव दुसऱ्या पुस्तकाचं अशी झालीय, पान दिलं असतंस तर झाली नसती.

जुनी_अभ्यासिका
मांजलपूरभाऊ, चूक कुठे झाली ते तुम्ही बरोबर धरलंत पण उपाय मला पटत नाही. आधी ४.६ चं काय झालं ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे.

लिअर दोन वेगवेगळ्या रूपांत छापलं गेलं, १६०८ चा क्वार्टो आणि १६२३ चा फोलिओ. चौथ्या अंकात एक सबंध प्रवेश, जिथे कॉर्डीलिया पत्रं वाचून कशी रडली ते एक सरदार केंटला सांगतो, तो क्वार्टोत आहे आणि फोलिओत नाहीच. बहुतेक जुन्या संपादकांनी दोन्ही एकत्र करून एक संहिता केली, तिच्यात हा प्रवेश ४.३ होतो आणि कडा ४.६ वर येतो. इंटरनेटवर बहुधा हीच मिळते. पण ऑक्सफर्डच्या संपादकांनी १९८६ मध्ये दोन्ही लिअर वेगवेगळी छापली, एकाच पुस्तकात. फोलिओवरचं 'द ट्रॅजेडी ऑफ किंग लिअर', त्यात तो प्रवेश नसल्यामुळे पुढचे सगळे एकेक आकडा मागे सरकतात आणि कडा होतो ४.५. क्वार्टोवरचं 'द हिस्टरी ऑफ किंग लिअर', त्यात तर अंकच पाडलेले नाहीत, सलग चोवीस प्रवेश आहेत आणि कडा विसावा.

म्हणजे तुझ्या एक्झामिनरने तुझ्याच यादीतलं पुस्तक काढलं, ट्रॅजेडीत ४.६ उघडलं, आणि तिथे लिअर झोपेतून जागा होऊन कॉर्डीलियाला ओळखतो तो प्रसंग निघाला. शेरा अगदी रास्त आहे. आणि हीच तपासायची खूणही आहे बरं का: दिलेल्या आकड्यावर कड्याऐवजी बापलेकीची भेट निघाली की समजायचं आकडा एकत्रित संहितेचा आहे आणि पुस्तक फोलिओचं.

मांजलपूर७२
बघा, म्हणजे मी म्हणतो तेच झालं ना, अंक-प्रवेश हे कायमचं ठिकाण नाहीच, संपादकागणिक बदलतं. मग पान काय वाईट?

जुनी_अभ्यासिका
पान तर प्रत्येक छपाईला बदलतं. ४.५ हा आकडा फोलिओवरच्या कोणत्याही आवृत्तीत माणसाला निदान त्या प्रसंगाच्या दारात नेऊन सोडतो, पान फक्त तुमच्या हातातल्या प्रतीत. ज्याच्याकडे दुसरी आवृत्ती आहे त्याने तुमच्या पानाचं काय करायचं? म्हणून पद्यनाटकाला मजकुरात अंक, प्रवेश, ओळ, मध्ये टिंबं. आणि हे आकडे कोणाच्या हिशेबाचे ते यादी सांगते. संपादकाचं नाव तिथे शोभेला नसतं, त्याच्यावरून वाचणाऱ्याला कळतं की हा कोणता लिअर.

यादीतली नोंद अशी होईल: शेक्सपियर, विल्यम. द ट्रॅजेडी ऑफ किंग लिअर. द कम्प्लीट वर्क्स, संपा. स्टॅन्ली वेल्स व इतर, दुसरी आवृत्ती, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २००५, आणि शेवटी नाटकाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची पानं. (तुझी प्रत १९८६ ची असेल तर 'दुसरी आवृत्ती' काढ, साल बदल.) संपादक चौघं आहेत म्हणून पहिलं नाव आणि 'व इतर'. नुसतं 'किंग लिअर' लिहू नकोस, त्या पुस्तकात दोन आहेत.

रावपुरा_संध्याकाळ
मला पण हाच त्रास झालाय पण तुकारामांच्या गाथेत. अभंगाचा क्रमांक दिला की झालं असं वाटायचं, माझ्या आजोबांच्या गाथेतला क्रमांक मी लेखात दिला आणि एका वाचकाने कळवलं की त्यांच्या सरकारी गाथेत त्या क्रमांकावर दुसराच अभंग आहे. ज्ञानेश्वरीचंही तसंच, राजवाडे प्रत आणि साखरे प्रत समोरासमोर ठेवा, ओव्यांचे आकडे पुढेमागे होतात. मग तुम्ही अभंगाला खंड कसा देता?

जुनी_अभ्यासिका
ताई, प्रश्न नाटकाचा होता, पण तुमचं दुखणं तेच आहे. अभंगाला क्रमांक द्या आणि कोणाची गाथा ते यादीत द्या, शिवाय पहिला चरण लिहून ठेवा. चरण शोधता येतो, आकडा हलतो.

फत्तेगंज_स्टडी
लिअरचं समजलं. पण गडकऱ्यांच्या नाटकात ओळींचे आकडे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही, आपण मोजायचे. मी एका पेपरमध्ये 'एकच प्याला'च्या एका प्रवेशातल्या संवादांच्या ओळी पेन्सिलीने मोजून अंक.प्रवेश.ओळ असंच दिलं होतं, एकसारखं दिसतं आणि कोणी हरकत पण घेतली नाही.

जुनी_अभ्यासिका
हरकत घेतली नाही कारण कोणी तपासलं नाही, माफ करा पण स्पष्ट बोलते. गद्य संवादाची ओळ कुठे तुटते ते कागदाच्या रुंदीवर ठरतं. तुमच्या पुस्तकात जी चौतिसावी ओळ ती मोठ्या टायपाच्या पुस्तकात पंचेचाळिसावी होईल, म्हणजे ते पान नंबरापेक्षाही कच्चं. एमएलएचं म्हणणं साधं आहे, पुस्तकात ओळींचे आकडे छापलेले असतील तरच द्या, स्वतः मोजू नका. गद्य नाटकाला आधी पान, मग अर्धविराम, मग अंक आणि प्रवेश. म्हणजे समजा (गडकरी ८७; अंक ३, प्रवेश २). पान तुमच्या प्रतीसाठी, अंक-प्रवेश बाकी सगळ्यांसाठी. इथे मांजलपूरभाऊ अर्धे बरोबर आहेत, गद्याला पान हवंच.

आणि खंडाचं सांगायचं राहिलं. एकच खंड वापरला असेल तर यादीच्या नोंदीत 'खंड २' लिही, मजकुरात फक्त पान. दोन्ही खंडांतून उतारे घेतले असतील तर नोंदीत एकूण '२ खंड' आणि मजकुरात खंड आधी: (गडकरी २: ८७). मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं आहेत ना, ती नीट टाईप कर. एक टिंब राहिलं की २.८७ होतं आणि वाचणारा दुसऱ्या अंकाचा सत्त्याऐंशीवा प्रवेश शोधत बसतो.

फत्तेगंज_स्टडी
गद्याचं मान्य. पण कवितेचं नाही. चौदा ओळींच्या सुनीताच्या ओळी मोजल्या तर कोणत्या आवृत्तीत बदलणार आहेत? कवितेची ओळ कवीने तोडलेली असते, कागदाने नाही. तिथे 'ओळी ९–१२' दिलं तर पानापेक्षा कितीतरी उपयोगी.

जुनी_अभ्यासिका
नियम तिथेही छापील आकडे नसतील तर पान द्या असाच आहे. पण तुमचा मुद्दा वजनदार आहे, छोट्या कवितेत मला स्वतःला मोजलेल्या ओळी चुकीच्या वाटत नाहीत. एवढंच करा की पहिल्यांदा 'ओळी' हा शब्द पूर्ण लिहा, पुढे नुसते आकडे. 'ओ.' केलंत की मराठी वाचक ओवी समजतो.

दांडियाबाजार_वाचक
खूप मोकळं वाटलं वाचून. काल रात्री बसून लिअरचे सगळे संदर्भ ट्रॅजेडीशी ताडले. पहिल्या आणि तिसऱ्या अंकातले प्रवेश बरोबर निघाले, ओळी थोड्या इकडेतिकडे होत्या. घोळ सगळा चौथ्या अंकात. शिवाय तिसऱ्या अंकात लिअर मुलींचा खोटा खटला चालवतो तो भाग मी उद्धृत केला होता, तो ट्रॅजेडीत सापडेचना!

जुनी_अभ्यासिका
सापडणार नाही, तोही फक्त क्वार्टोत आहे. त्याला हिस्टरीची वेगळी नोंद कर आणि मजकुरात प्रवेश आणि ओळ असे दोनच आकडे दे. दोन्ही नोंदी यादीत एकाखाली एक येतील, मग मजकुरात 'लिअर' न लिहिता 'ट्रॅजेडी' किंवा 'हिस्टरी' लिहावं लागेल.

दांडियाबाजार_वाचक
बरं. आता गडकऱ्यांचं एक. माझ्याकडे जी जुनी प्रत आहे ती लायब्ररीत परत बांधलेली, बाइंडरने शीर्षकपान कापून टाकलंय, पाठीवर नुसतं 'भाग २'. संपादक कोण ते आतल्या प्रस्तावनेखालच्या सहीवरून घेतलं तर चालेल?

मांजलपूर७२
नको. प्रस्तावना लिहिणारा आणि संपादक एकच असेल असं नाही. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन धड प्रत मिळते का बघ, शीर्षकपानाचा फोटो काढ. आणि तुझ्या पानांचे आकडे त्या प्रतीशी जुळतात का तेही दोन-तीन ठिकाणी ताडून बघ, नाहीतर परत लिअरचंच होईल.

जुनी_अभ्यासिका
हे शंभर टक्के.

रावपुरा_संध्याकाळ
'एकच प्याला' निघालंच आहे तर विचारते, त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची आहेत ना? गडकरी १९१९ मध्ये गेले तेव्हा पदं झालेली नव्हती. मग गडकऱ्यांच्या समग्र वाङ्मयातून 'कशि या त्यजू पदाला' घेतलं तर नोंद कोणाच्या नावावर?

मांजलपूर७२
नाटकाच्या. पुस्तकावर गडकऱ्यांचं नाव आहे, वाचणारा तिथेच शोधणार. गुर्जरांचं नाव वाक्यात घ्या की झालं.

जुनी_अभ्यासिका
मला हे बरोबर वाटत नाही. सिंधूच्या तोंडच्या ओळी गडकऱ्यांच्या भाषेचा नमुना म्हणून कोणी थिसिसमध्ये घातल्या तर अभ्यासच चुकतो. मी गुर्जरांच्या नावाने वेगळी नोंद करते आणि पुढे 'एकच प्याला, ले. राम गणेश गडकरी' असं देते. पण माझ्याच गाईडने तेव्हा ती खोडली होती, हेही सांगते.

फत्तेगंज_स्टडी
वेगळी नोंद केली तर वर्णक्रमाने ती 'गडकरी'खाली नाही पडणार, 'गु' मध्ये जाईल, वाचणाऱ्याला नाटक आणि पद दोन ठिकाणी. मला वाक्यातच नाव घेणं बरं वाटतं.

दांडियाबाजार_वाचक
माझ्या प्रकरणात तीन पदं आहेत, तिन्ही सिंधूची. आणि मी लिहून ठेवलंय की "गडकरी इथे सिंधूला…" ते वाक्य तर आजच बदलते. नोंदीचं सोमवारी गाईडना विचारून इथे कळवते.