जुनं व्हीएमसी मशीन की नवीन? आणि 50 लाख बसवायचे कसे?

शिरोलीचा फाउंड्रीवाला
शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, मशिनिंगही आता स्वतःकडे घ्यायचंय. रिकंडिशन व्हीएमसी 20 लाखांना, 3 वर्षं चालेल, कर जाऊन वर्षाला 10.5 लाख सुटतील. नवीन 38 लाखांना, 6 वर्षं, वर्षाला 11 लाख. एनपीव्ही, म्हणजे पुढच्या कमाईचं 12 टक्क्यांनी आजचं मूल्य वजा किंमत, जुन्याचा 5.22 लाख, नव्याचा 7.23. शिवाय वाळू परत वापरायचा प्लांट (30 लाख, एनपीव्ही 7.2) आणि छतावर सोलर (12 लाख, एनपीव्ही 3.6) डोक्यात आहे. यंदा एकूण 50 लाखच आहेत. सीए म्हणतात नवीन घ्या. पटत नाही.

उद्यमनगरी
पीआय काढा, म्हणजे गुंतवलेल्या रुपयामागे कमाईचं आजचं मूल्य किती ते, विषय संपला. सोलर 1.30, जुनं मशीन 1.26, प्लांट 1.24, नवीन मशीन 1.19. वरून खाली घेत या. सोलर आणि जुनं मशीन 32 लाखांत बसतं, प्लांट बसत नाही. उरलेले 18 लाख एफडीत टाका.

कॉस्टिंगवाली
एफडीला 12 टक्के कोण देतंय हो? सोलर आणि जुनं मशीन मिळून एनपीव्ही 8.82 लाख. तेच जुनं मशीन आणि प्लांट घेतलं तर 50 लाख पुरते लागतात आणि 12.42 लाख मिळतात. पीआयची क्रमवारी पहिल्या दोन ओळींत मोडली, कारण प्लांट अर्धा बसवता येत नाही. यादी एवढीशी असेल तर 50 लाखांत बसणारी प्रत्येक जोडी लिहून एनपीव्हीची बेरीज करायची, पाच मिनिटांचं काम आहे. सीएंचं नवीन मशीन आणि सोलर 10.83 वर थांबतं.

मशीनचा प्रश्न मात्र वेगळा आहे. दोन्हीपैकी एकच घेणार, आणि आयुष्य निम्मं-दुप्पट. 3 वर्षांच्या 5.22 ची 6 वर्षांच्या 7.23 शी तुलनाच होत नाही. एनपीव्ही वर्षांवर समान पसरा, त्यासाठी दरवर्षीच्या एका रुपयाचं 12 टक्क्यांनी आजचं मूल्य घ्या, 3 वर्षांचं 2.40 आणि 6 वर्षांचं 4.11: 5.22 भागिले 2.40 म्हणजे वर्षाला 2.17 लाख, 7.23 भागिले 4.11 म्हणजे 1.76. जुनं पुढे आहे.

गुऱ्हाळवाला, पन्हाळा रोड
मला सूत्रातलं कळत नाही, पण आमच्या गुऱ्हाळावर जुना क्रशर घेतला होता. विकणारा म्हणाला तीन सीझन बघायला नको. दुसऱ्याच सीझनला शाफ्ट गेला, तेही ऊस दारात उभा असताना. जुन्याला हात लावू नका.

कॉस्टिंगवाली
काकांचा मुद्दा मशीनलाही लागू आहे. जुनं 2 वर्षांतच बसलं तर 5.22 चा नफा जाऊन सव्वादोन लाखांचा तोटा होतो. दादा, स्पिंडल आणि बॉलस्क्रू कुणाकडून तरी तपासून घ्या, मगच "3 वर्षं" हा आकडा धरा. पण नव्याचंही ऐका: 6 ऐवजी 5 वर्षं चाललं तर वर्षाचे 1.76 लाख घसरून 46 हजारांवर येतात.

कर्जविभागात होतो
ताई, तुमच्या 2.17 मागे एक गोष्ट गृहीत आहे. तिसऱ्या वर्षाअखेर तसंच मशीन परत 20 लाखांनाच मिळेल आणि तेवढंच कमावेल. मी मांडून बघितलं. किंमत 22.4 लाखांवर गेली की सहा वर्षांचा हिशोब नव्याकडे झुकतो. म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेचार टक्के वाढ. आणि ज्याच्याकडे आज 50 लाखांवर पैसा नाही, त्याच्याकडे तेव्हा 20 लाख मोकळे असतील कशावरून? हात आखडलेला असताना ही पद्धत लंगडी पडते.

उद्यमनगरी
मग कर्ज काढा की. एनपीव्ही 12 टक्क्यांवर धन आहे, बँक त्याच्या आत देत असेल तर 50 लाखांची मर्यादा तुम्हीच घालून घेतलीय.

कर्जविभागात होतो
तारण कुठलं देणार? शेड आधीच गहाण असेल तर दर कितीही असो, मर्यादा खरीच.

शिरोलीचा फाउंड्रीवाला
शेड गहाण आहे. आणि सांगायचं राहिलं, हे काम ज्या ग्राहकासाठी आहे त्याचा करार 3 वर्षांचाच आहे. पुढचं त्याच्या मनावर.

कॉस्टिंगवाली
अहो, हे आधी सांगायचं! मग मशीन परत घेण्याचा प्रश्नच नाही, वर्षाचा समान आकडा बाजूला ठेवा. दोन्ही 3 वर्षांवर तोला. जुनं 5.22 देतं. नवीन घेऊन 3 वर्षांनी विकलं, तर कर जाऊन हातात 23.6 लाख यायला हवेत, तेव्हा कुठे बरोबरी. मला नाही वाटत येतील.

उद्यमनगरी
का नाही येणार? यांना जे 20 ला देतायत ते किती वर्षांचं आहे?

शिरोलीचा फाउंड्रीवाला
आठ वर्षांचं. पण त्या 20 मध्ये डीलरचं कमिशन आणि रिकंडिशनचा खर्च आहे. मालकाच्या हातात किती पडले ते डीलर सांगत नाही.